कौतुक ऐकणारा तिसरा माणूस

"ताई, तिकडे लोक एकमेकांच्या कामाबद्दल चांगलं बोलतात का गं? मी टीममध्ये कुणाला चांगलं म्हटलं की बाकीचे 'मस्का' म्हणतात. गप्प बसले तर 'हिला कुणाची कदर नाही'. मग बोलायचं तरी कसं?"

आमच्या जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर आलेला हा प्रश्न. विचारणारी अकाउंट्समधली, माझ्यानंतर काही वर्षांनी रुजू झालेली, आणि आता स्वतः एक लहानशी टीम सांभाळणारी. मी नेदरलँड्समध्ये त्याच प्रकारचं काम करते, म्हणून तिने मला विचारलं. पण मी उत्तर लिहिपर्यंत ग्रुपवर बरंच काही बोलून झालं होतं.

आमचे निवृत्त झालेले सर सगळ्यांत आधी बोलले. "काम करायचा पगार मिळतो. त्यात कौतुक कशाचं? एकाला चढवलं की चौघं तोंड फिरवतात. मी उभ्या नोकरीत हे पाहिलंय." मग एचआरमध्ये असलेल्या मित्राने सांगितलं की हे सगळं शास्त्राने सिद्ध झालेलं आहे, एका टीकेमागे पाच कौतुकं हवीत, आणि तो स्वतः ते प्रमाण पाळतो. तिसऱ्याने त्याच्या कंपनीतल्या 'महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी' या पुरस्काराचं दुखणं काढलं. तो कसा फिरवून फिरवून दिला जातो आणि याला मात्र अजून का मिळाला नाही, यावर त्याने तीन मोठे मेसेज लिहिले. त्याचं दुःख खरं आहे, पण प्रश्न पुरस्काराचा नव्हताच. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने काल केलेलं काम चांगलं होतं, हे त्याला कोणत्या शब्दांत सांगायचं, एवढाच प्रश्न होता.

सरांचं म्हणणं मला निम्मं पटतं, आणि ते निम्मं फार मोलाचं आहे. 'चौघं तोंड फिरवतात' हे त्यांचं निरीक्षण अचूक आहे. आपण एखाद्याचं कौतुक करतो तेव्हा आपल्याला वाटतं की हा दोघांमधला मामला आहे. ऑफिसात तो क्वचितच दोघांत राहतो. कुणीतरी तिसरा ऐकत असतो, किंवा संध्याकाळपर्यंत त्याच्या कानावर जातंच. रोस फोंक या डच मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर बरंच काम केलं आहे. २००२ साली त्यांनी दाखवून दिलं की ज्याची स्तुती होते त्याला ती स्तुती करणारा माणूस आवडू लागतो, मात्र तीच स्तुती बाजूने ऐकणाऱ्याला तितका आवडत नाही. कारण अगदी माणसाचं आहे. स्वतःबद्दल कुणी चांगलं बोललं की ते खरं मानायला आपल्याला बरं वाटतं. बाजूच्याला तो मोह नसतो, म्हणून तो हेतू शोधतो.

त्याआधी, १९९८ मध्ये, त्यांनीच आणखी एक गोष्ट तपासली होती. वरच्यांशी गोड आणि खालच्यांशी तुसडा असा माणूस लोकांना फारच नकोसा वाटतो, आणि त्याच्याबद्दलचं हे मत बनायला फार माहिती लागत नाही. दोनचार प्रसंग कळले तरी पुरतात.

आता तिचा प्रश्न पुन्हा वाचला तर त्यातली एक गोष्ट डोळ्यांत भरते. 'मस्का' असं म्हणतायत ते बाकीचे. जिचं कौतुक झालं तिने काहीच तक्रार केलेली नाही. म्हणजे शब्द निवडताना विचार करायला हवा तो त्या तिसऱ्या माणसाचा. त्याने आपलं वाक्य ऐकलं तर त्याला त्यातून कामाबद्दल काही कळेल का? ते खरं की खोटं हे त्याला स्वतः जाऊन पाहता येईल का? येत असेल, तर त्याने काहीही म्हटलं तरी तो मस्का राहत नाही.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगण्यात अर्थ नाही, म्हणून एक प्रसंग सविस्तर सांगते.

आमच्या कंपनीच्या दोन देशांतल्या शाखा एकमेकींना माल विकतात. महिनाअखेरीला आमच्या वहीत 'त्यांच्याकडून येणं' म्हणून जी रक्कम असते, ती त्यांच्या वहीतल्या 'यांना देणं' या रकमेशी जुळायला हवी. ती कधीच सरळ जुळत नाही. माल वाटेत असतो, आम्ही इनव्हॉइस नोंदवलेलं असतं आणि त्यांच्याकडे अजून पोचलेलं नसतं. एखादी क्रेडिट नोट त्यांनी पुढच्या महिन्यात टाकलेली असते. दोघांनी चलनाचा दर वेगळ्या तारखेचा घेतलेला असतो. हे फरक शोधून त्यांची यादी करायची, यालाच रिकन्सिलिएशन म्हणतात, आणि बहुतेक ठिकाणी ती यादी म्हणजे नुसते आकडे असतात. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाला ती उघडावी लागली तर सगळी चौकशी पहिल्यापासून.

आमच्याकडे नवीन आलेल्या एका मुलीने कुणी न सांगता त्या शीटमध्ये तीन रकाने वाढवले. फरक कशामुळे आहे, त्याचा पुरावा कोणत्या फोल्डरमध्ये आहे, आणि हा फरक पुढच्या महिन्यात आपोआप मिटणार की कुणाला एंट्री टाकावी लागणार. ती रजेवर असताना ऑडिटरने नेमकी तीच शीट मागितली. मी उघडली आणि त्याच्या प्रश्नांची उत्तरं बसल्या जागी देत गेले. तिला फोन करावा लागला नाही, दुसऱ्या शाखेला मेल करावी लागली नाही.

ती परत आल्यावर तिला काय सांगायचं? आपल्या तोंडी पटकन येतं ते 'तू ग्रेट आहेस' किंवा 'मस्त काम, कीप इट अप'. यातून तिला काय कळलं? माझा मूड चांगला आहे, एवढंच. आणि शेजारी बसलेल्याला कळलं की मला ही आवडते. त्या तीन रकान्यांबद्दल दोघांनाही काही कळलं नाही. तिने पुढच्या महिन्यात वेळ कमी म्हणून ते रकाने गाळले, तर 'ग्रेट' म्हटल्याचा काही उपयोग झाला नाही असं समजायचं.

मी म्हटलं ते साधारण असं होतं. "तू नव्हतीस तेव्हा ऑडिटरने दोन शाखांमधल्या फरकांची शीट मागितली. तू प्रत्येक फरकापुढे कारण आणि पुराव्याचं फोल्डर लिहून ठेवलं होतंस, म्हणून मी कुणालाही न विचारता उत्तरं देऊ शकले. आणि 'आपोआप मिटेल का' हा रकाना तर मला सुचलाच नसता." बस. आवाज नेहमीचा, जागा तिच्या टेबलाजवळ, आणि मग मी माझ्या कामाला गेले.

यात एकही विशेषण नाही, हे लक्षात घ्या. 'कधी, काय केलंस' आणि 'त्यामुळे माझं काय सोपं झालं' एवढंच आहे. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने हे ऐकलं, आणि दुपारी त्याने तिच्याकडे ती शीट मागितली. त्याला मस्का वाटला असता तर तो हसून गप्प बसला असता. त्याला त्यात वापरण्यासारखं काहीतरी मिळालं.

वाक्यातल्या दुसऱ्या भागाबद्दल, म्हणजे आपल्याला काय उपयोग झाला याबद्दल, थोडं थांबून बोलायला हवं, कारण तोच बहुतेक वेळा गाळला जातो. नुसतं 'तू कारणं लिहिलीस ते चांगलं केलंस' असं म्हटलं तर आपण वही तपासणाऱ्या मास्तरांच्या जागी जाऊन बसतो. बरोबरीच्या सहकाऱ्याला ते खटकतं, आणि वयाने मोठ्या सहकाऱ्याला तर जास्तच. 'त्यामुळे मी हे करू शकले' म्हटलं की आपण गुण देणारे राहत नाही, त्या कामाचा फायदा झालेला माणूस म्हणून बोलतो. फायदा झाल्याचं सांगायला कुणाच्या परवानगीची गरज नसते.

माणसाऐवजी कामाबद्दल बोलावं, यामागे निव्वळ शिष्टाचार नाही. क्लुगर आणि डिनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये कामाबद्दलच्या अभिप्रायावरचे तोवरचे प्रयोग एकत्र करून तपासले. सरासरीने अभिप्रायामुळे काम सुधारलं होतं, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ते उलट बिघडलं होतं. त्यांनी मांडलेलं कारण असं, की लक्ष कामावरून उठून 'मी कशी आहे, माझ्याबद्दल काय वाटतं' याकडे वळलं की अभिप्रायाचा जोर ओसरतो. याला स्तुतीही अपवाद नाही. 'तू फार हुशार आहेस' ऐकलेली मुलगी पुढच्या वेळी अवघड शीट हातात घेताना हुशारी टिकवण्याची काळजी करते. 'तू कारणाचा रकाना लिहिलास' ऐकलेली मुलगी फक्त रकाना लिहिते.

सर, तुमचं 'हरभऱ्याच्या झाडावर चढवणं' म्हणजे नेमकं हेच आहे. तिथे विरोध करण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण त्यावरून तुम्ही 'म्हणून बोलूच नये' इथपर्यंत जाता, तिथे मी थांबते. कारण तुम्ही स्वतः बोलत होतात, सर. नवा मुलगा आला की तुम्ही त्याला एका विशिष्ट बाईंची फाइल काढून द्यायचात आणि म्हणायचात, "व्हाउचरवर शेरा कसा लिहायचा ते हिच्या फाइलीत बघ. पुढच्या वर्षी वाचणाऱ्याला कळेल असं लिहिलेलं असतं." याहून नेमकं कौतुक मी परदेशातही कुठे पाहिलेलं नाही. त्यात काम होतं, त्याचं कारण होतं, आणि तिसऱ्या माणसासाठी पुरावा हातात ठेवलेला होता. चौघांनी त्याबद्दल तोंड फिरवल्याचं मला आठवत नाही. त्यात एकच उणीव होती. त्या बाईंना ते कधी कळलं नाही. निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी भाषणात तो उल्लेख केला, तेव्हा त्या पहिल्यांदा ऐकत होत्या.

इकडच्या नि तिकडच्या ऑफिसांमधला जो फरक मला खरोखर जाणवतो, तो इथे आहे. इथे लोक जास्त गोड बोलतात असं अजिबात नाही. उलट माझ्या इथल्या ऑफिसात तोंडावर 'हे चुकलंय' म्हणण्याची रीत आहे, आणि नव्याने आलेल्या माणसाला ती टोचते. पण त्याचा एक चांगला परिणाम होतो. जो माणूस मंगळवारी 'तुझा हा हिशेब मला पटत नाही' म्हणाला, तो गुरुवारी 'ही नोंद नीट केलीस' म्हणाला तर आपण ते खरं मानतो. ज्याच्या तोंडून कधीच नाराजी येत नाही, त्याच्या कौतुकाला वजन कुठून येणार? आपल्याकडे मला उलटं चित्र आठवतं. रोजच्या कामात नाराजी आणि पसंती दोन्ही पोटात, आणि अप्रेझलच्या आधी किंवा मोठ्या साहेबांना कॉपी ठेवलेल्या मेलमध्ये एकदम 'अथक परिश्रम' आणि 'अमूल्य योगदान'. तो मेल वाचणाऱ्या प्रत्येकाला कळतं की तो कुणासाठी लिहिलाय.

म्हणून परदेशातलं सगळं चांगलं, असं मात्र मला म्हणायचं नाही. इथेही एका ठिकाणी सहकाऱ्यांना बटण दाबून शाबासकीचे गुण द्यायची सोय आली होती. सुरुवातीला लोक मनापासून लिहायचे. मग महिना संपता संपता उरलेले गुण वाटून टाकायचे म्हणून 'थँक्स फॉर एव्हरीथिंग' असे संदेश येऊ लागले, तेही ज्यांनी एकत्र काही कामच केलं नव्हतं अशांकडून. एचआरमधल्या आपल्या मित्राचं पाचास एक हे प्रमाण मला याच जातीचं वाटतं. त्याला ते शास्त्र वाटतं, पण त्या आकड्याची पार्श्वभूमी त्याने पाहायला हवी. पाचास एक हे प्रमाण मुळात जॉन गॉटमन यांनी नवरा-बायकोच्या वादांचा अभ्यास करताना सांगितलेलं आहे. कामाच्या टीमसाठी असंच प्रमाण मार्सियल लोसादा यांनी मांडलं, आणि २००५ साली बार्बरा फ्रेडरिकसन यांच्यासोबत त्यांनी गणिताने एक आकडा काढला, २.९०१३. दशांशचिन्हापुढे चार आकडे पाहूनच शंका यायला हवी होती. २०१३ मध्ये निकोलस ब्राउन, ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी दाखवलं की ते गणित तिथे लागूच होत नाही, आणि त्या लेखातला गणिताचा भाग मागे घेतला गेला. टीकेपेक्षा चांगलं जास्त बोललं जावं, या सर्वसाधारण मुद्द्याशी माझं भांडण नाही. पण पाचाचा कोटा पुरा करायला बसलेला माणूस शेवटी 'तुझा शर्ट छान आहे' इथे येतो, आणि ऐकणाऱ्यांना तो कोटा आठवड्याभरात ओळखता येतो.

कौतुक मस्क्यासारखं वाटायला लागतं ते बऱ्याचदा शब्दांमुळे नाही, वेळेमुळे. माझी इथली एक ज्येष्ठ सहकारी आहे, फार कमी बोलणारी. तिने मला एक खूण सांगितली, ती मी तेव्हापासून पाहत आले आहे. आपण कुणाच्या कामाबद्दल चांगलं बोललो आणि तो माणूस त्या कामाबद्दलच पुढे बोलू लागला, 'हो, तो रकाना मी आधी वेगळ्या शीटमध्ये ठेवला होता, मग बदलला', तर आपलं बोलणं पोचलं. आणि तो म्हणाला, 'बरं, काय काम होतं?' तर समजावं की आपलं कौतुक आणि आपलं काम हे दोन्ही एकाच वाक्यात येतात, हे त्याच्या अनुभवाने त्याला शिकवलं आहे. त्यावर तिचा उपाय सोपा आहे. ज्या दिवशी कुणाकडून काही हवं असेल त्या दिवशी त्याचं कौतुक करू नये. सरळ काम सांगावं. कौतुक दुसऱ्या दिवशी, काही नको असताना करावं. आणि ते 'पण'च्या आधी ठेवू नये. 'शीट छान झाली, पण तारखा चुकल्यात' यातला पहिला भाग कुणीच ऐकत नाही. दोनदा असं झालं की 'छान' ऐकताच माणूस 'पण'ची वाट बघतो. तारखा चुकल्या असतील तर तारखांबद्दल बोलावं, त्याला गोड वेष्टण लागत नाही.

मी तिला विचारलं की मग सगळ्यांसमोर बोलावं की एकटीला? ती म्हणाली, माणूस बघून. हे उत्तर मला अर्धवट वाटलं, आणि अजूनही वाटतं. सर्वांसमोर कौतुक झालं की अवघडून जाणारी माणसं मी इथेही पाहिली आहेत नि तिकडेही. अशांना मी आधी एकटं गाठून सांगते आणि विचारते, "हे मीटिंगमध्ये सांगू का?" बरेच जण नको म्हणतात. पण असं विचारत बसलं तर चांगल्या कामाची माहिती बाकीच्यांपर्यंत जायचीच राहते, हेही खरं. याचा पक्का निर्णय माझ्याकडे नाही.

जिथे निर्णय आहे ती गोष्ट दुसरी. मीटिंगमध्ये कौतुक करण्याआधी ते काम नक्की कुणाकुणाचं आहे हे विचारून घ्यावं. वर सांगितलेल्या शीटचंच घ्या. तिच्या रकान्यांत जी पुराव्याची फोल्डरं लिहिली होती, ती फोल्डरं नीट लावलेली होती म्हणून रकान्यांना अर्थ होता, आणि ती लावली होती दुसऱ्याच एका सहकाऱ्याने, कित्येक महिने आधी. मी मीटिंगमध्ये फक्त तिचं नाव घेतलं असतं तर तो काही बोलला नसता. पुढच्या महिन्यात फोल्डरं मात्र हळूहळू विस्कटली असती. सर म्हणतात ते तोंड फिरवणं अशा ठिकाणी सुरू होतं. त्यामागे हेवा कमी असतो, वगळलं गेल्याची जाणीव जास्त. म्हणून मी आधी तिलाच विचारलं, "यात आणखी कोण कोण होतं?" तिने लगेच त्याचं नाव सांगितलं. मग मीटिंगमध्ये दोन वाक्यं झाली, दोघांची, दोन वेगळ्या कामांची. 'तुम्हा दोघांचं छान टीमवर्क' असं एका वाक्यात गुंडाळलं असतं तर पुन्हा कुणाला काही कळलं नसतं.

आणखी एका गोष्टीचं कौतुक मी जाणूनबुजून टाळते, ती म्हणजे रात्री उशिरापर्यंत बसणं. क्लोजिंगच्या दिवसांत कुणी घरी न जाता काम संपवतं तेव्हा त्याबद्दल आभार मानावेत, जरूर मानावेत. पण टीमसमोर 'हिने रात्री दोनला मेल पाठवली' असं अभिमानाने सांगितलं की बाकीच्यांना कळतं की इथे कशाला किंमत आहे. पुढच्या महिन्यात तीन जण रात्री दोनला मेल पाठवतात, आणि त्यातल्या एकाने ती दुपारीच लिहून ठेवलेली असते.

आता साहेबांचं. ग्रुपवर तिने मला नंतर वेगळं विचारलं होतं की स्वतःच्या साहेबांचं काम आवडलं तर सांगायचं की नाही, कारण तिथे तर लोणी लावल्याचा आरोप ठरलेलाच. सांगावं असं माझं मत आहे, कारण वरच्या माणसांना त्यांच्या कामाबद्दल खरं कुणीच सांगत नाही, ना चांगलं ना वाईट. पण वर जाताना 'तुम्ही उत्तम लीडर आहात' असलं वाक्य अजिबात नको, तिथे मूल्यमापनाचा सूर जास्त खटकतो. घडलेलं सांगावं. "सर, त्या दिवशी क्लायंट माझ्यावर चढला तेव्हा तुम्ही 'आधी तिचं पूर्ण ऐकू या' म्हणालात, त्यामुळे मला आकडे मांडता आले." अप्रेझल तोंडावर असताना हेही बोलू नये, ते झाल्यावर बोलावं. आणि फोंकबाईंच्या अभ्यासातली गोष्ट इथे सगळ्यांत जास्त लागू पडते. लोक तुमचं एक वाक्य तोलत नाहीत, ते दिशा बघतात. महिनाभरात तुमचे चांगले शब्द फक्त वरच गेले असतील तर ते कितीही खरे असोत, नाव पडणारच. स्वागतकक्षातल्या मुलीने चुकीचं पार्सल वेळेत ओळखलं, आयटीच्या मुलाने तुमची अडकलेली फाइल परत आणताना जुनी आवृत्तीही जपून ठेवली, हेही तुम्ही तितक्याच नेमकेपणाने सांगत असाल, तर साहेबांना सांगितलेलं वाक्य त्या सवयीचाच भाग दिसतं. आणि तो तसा असावाही लागतो, दिसण्यापुरता करून भागत नाही.

लोक बोलत नाहीत यामागे एक साधा संकोचही आहे. एरिका बूथबी आणि व्हेनेसा बोन्स यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांना अनोळखी व्यक्तींबद्दल काही चांगलं सांगायला पाठवलं होतं. जाण्याआधी त्यांना वाटत होतं की समोरचा अवघडेल, त्याला त्रास होईल. प्रत्यक्षात समोरच्यांना त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त बरं वाटलं आणि कमी अवघडायला झालं. अनोळखी माणसांचा प्रयोग ऑफिसला जसाच्या तसा लागू होत नाही, तिथे पदं आहेत, जुनी भांडणं आहेत. पण शब्द नीट जुळेपर्यंत थांबलेली अनेक वाक्यं मी पाहिली आहेत, माणूस बदली होऊन जातो आणि ती राहून जातात. थोडं अडखळत सांगितलेलं नेमकं वाक्य चालतं. समोरचा 'अगं, त्यात काय' म्हणेल, आपल्याकडे तर म्हणेलच. त्यावर 'नाही नाही, खरंच' असा हट्ट धरू नये. त्याने ऐकलंय, विषय बदलावा.

सरांनी माझं उत्तर वाचून एवढंच लिहिलं, "फाइलीचं आठवतंय. पण तेव्हा त्या बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी पुढच्या महिन्यापासून माझ्यासाठी शेरे लिहिले असते, वाचणाऱ्यासाठी नव्हे." यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. साहेबांच्या तोंडून आलेलं कौतुक कामाची दिशा साहेबांकडे वळवू शकतं, ही भीती खोटी नाही. मी त्यांना एवढंच लिहिलं की तुमच्याऐवजी तो नवा मुलगा त्यांच्याकडे जाऊन म्हणाला असता, 'तुमचे शेरे वाचून मला गेल्या वर्षीचा हिशेब लागला', तर ती अडचण आली नसती. ते वाक्य तुम्ही त्याला सुचवू शकला असतात. सरांनी ते वाचलंय, अजून उत्तर दिलेलं नाही.

आणि जिने विचारलं होतं, तिला मी एक काम सांगितलं आहे. टीमला एकत्र बोलावून काही जाहीर करू नकोस. या महिन्याचं क्लोजिंग चालू असताना समोर एक कागद ठेव. कुणाच्या कोणत्या कामामुळे तुझं काम अडलं नाही, ते घडेल तेव्हा एका ओळीत लिही, तारीख घालून. जे लिहिता येत नाही, नुसतं 'छान वाटलं' एवढंच सुचतं, ते सोडून दे. क्लोजिंग संपल्यावर त्यातल्या ओळी ज्याच्या त्याच्या टेबलापाशी जाऊन सांग. सुरुवात तुझ्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीपासून करू नकोस. जिच्याशी तुझं फारसं जमत नाही आणि तरी जिचं नाव त्या कागदावर आलंय, तिच्यापासून कर.